खो-खोच्या एका पाळीत बसलेला अभ्यासक्रम

श्रोतेहो, नमस्कार. बारावीला शारीरिक शिक्षण हा विषय घेतलेल्या मुलामुलींशी आज मी बोलणार आहे. सीबीएसईत या विषयाची लेखी परीक्षा सत्तर गुणांची असते आणि प्रात्यक्षिक तीस गुणांचं. मैदानावर तीस गुण खिशात घालणारी मुलं लेखी सत्तरात का अडखळतात, हे मी बरीच वर्षं बघतो आहे. वहीत खेळाचे नियम एका धड्यात, हृदय-फुप्फुसं दुसऱ्यात आणि प्रशिक्षणाची तत्त्वं तिसऱ्यात असतात. मुलं हे तीन धडे तीन वेगवेगळ्या विषयांसारखे पाठ करतात. माझं म्हणणं एवढंच की नियम शरीराकडून काय मागायचं ते ठरवतो, आणि शरीराला काय द्यावं लागतं त्यावरून सराव ठरतो. आज हे आपण एकाच खेळात पाहू, आपल्या खो-खोत.

खो-खोचा एक नियम डोळ्यांसमोर आणा. आठ गडी मधल्या पट्टीवरच्या चौरसांत बसलेत. शेजारच्या दोघांची तोंडं विरुद्ध बाजूंना आहेत. नववा गडी पाठलाग करतो आहे. त्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही. एकदा एका खांबाच्या दिशेनं निघाला की अर्ध्यात मागं फिरता येत नाही. दिशा बदलायची तर खांब गाठायचा, नाहीतर बसलेल्या गड्याला मागून हात लावून, मोठ्यानं 'खो' म्हणून, त्याच्या जागी बसायचं. पळणाऱ्याला मात्र यातलं काहीही बंधन नाही. तो बसलेल्यांच्या मधून इकडून तिकडे कसाही जाऊ शकतो. त्याला फक्त हद्दीत राहायचं असतं.

आता पाठलाग करणाऱ्याचं काय होतं बघा. खो मिळाला, बसल्या जागेवरून उसळला, तीन-चार सेकंद जीव तोडून धावला, खो देऊन खाली बसला. एवढ्या कमी वेळाच्या जोरासाठी स्नायूत आधीच साठवलेलं एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट पुरतं. हा साठा पूर्ण ताकदीनं वापरला तर साधारण आठ-दहा सेकंदांत संपत येतो. पण गडी बसल्यावर तो परत भरू लागतो. तीस सेकंदांत निम्मा आणि तीनेक मिनिटांत जवळजवळ पूर्ण. म्हणजे खो-खोत बसणं हीच पाठलाग करणाऱ्याची विश्रांती. घाईघाईत चुकीचे खो देणारा संघ लवकर ढेपाळतो, कारण तेच ते दोन-तीन गडी पुन्हा पुन्हा उठतात आणि त्यांचा साठा भरायला वेळच मिळत नाही.

पळणाऱ्याचं गणित याच्या अगदी उलट आहे. त्याला बसायला जागाच नाही. पहिले दहा सेकंद तोही त्याच साठ्यावर निघतो. मग स्नायूतलं ग्लायकोजेन ऑक्सिजनशिवाय फोडून ऊर्जा काढली जाते आणि स्नायूत आम्लता वाढत जाते. मिनिटभरानंतर मांड्या जड होणं ते हेच. हळूहळू ऑक्सिजनच्या मार्गाचा वाटा वाढतो. सलग जोरात पळलं तर साधारण सव्वा मिनिटाच्या आसपास ऑक्सिजनसह आणि ऑक्सिजनशिवाय मिळणारी ऊर्जा निम्मी-निम्मी होते. उत्तरपत्रिकेत इथे एक चूक नेहमी दिसते. 'पहिली यंत्रणा संपते, मग दुसरी सुरू होते' असं मुलं लिहितात. तसं नाही. तिन्ही यंत्रणा पहिल्या क्षणापासून चालू असतात, बदलतो तो फक्त त्यांचा वाटा. हे एक वाक्य लिहिलंत तर तपासणाऱ्याला कळतं की तुम्हाला समजलं आहे.

एकाच मैदानावर, एकाच नऊ मिनिटांच्या पाळीत, दोन संघ शरीराच्या दोन वेगळ्या यंत्रणांवर खेळत असतात. आणि पाळी बदलली की तेच गडी उलटी भूमिका घेतात. पारंपरिक नियमांनुसार नऊ मिनिटांची पाळी, पाच मिनिटं विश्रांती, पुन्हा नऊ मिनिटं, मग डावांमध्ये नऊ मिनिटांची सुट्टी आणि सगळं पुन्हा एकदा. म्हणजे छत्तीस मिनिटांचा खेळ. लहान वयोगटांत पाळी सात मिनिटांची असते.

आता एक मुलगी घेऊ, सतरा वर्षांची. पळणारे तिघांच्या तुकड्यांनी उतरतात, ही पहिल्या तुकडीत आहे. तीन सामन्यांत ती दीड मिनिटाच्या आसपास बाद झाली आहे, आणि प्रत्येक वेळी खांबाजवळ वळताना. तिच्या शिक्षकानं काय करावं, असा प्रश्न प्रश्नपत्रिकेत आला तर बहुतेक उत्तरं 'तिचा वेग वाढवावा' अशी येतात. पण ती बाद कधी होते ते पाहा. पहिल्या पंधरा सेकंदांत बाद होत असती तर दोष वेगाचा, अंदाजाचा किंवा हुलकावणीचा म्हणता आला असता. ती मिनिट उलटल्यावर, वळताना बाद होते. म्हणजे वेग आहे, पण आम्लता वाढल्यावर तो वळणावर टिकत नाही. हवी आहे ती वेगाची सहनशक्ती.

मग सराव इंटरव्हल पद्धतीचा. पंचेचाळीस सेकंद जोरात पळायचं, अडीच मिनिटं चालत विश्रांती घ्यायची, अशा चार फेऱ्या. पण सरळ ट्रॅकवर पळून उपयोग नाही. मैदानावरच्या चौरसांइतक्याच अंतरावर आठ खुणा मांडायच्या आणि त्यांच्यामधून नागमोडी पळायचं, कारण सामन्यात तिला तेच करायचं आहे. याला विशिष्टतेचं तत्त्व म्हणतात, आणि पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा या आठ खुणा जास्त लक्षात राहतात.

दुसऱ्या आठवड्यात पाच फेऱ्या, तिसऱ्यात सहा. शरीराला सवयीपेक्षा जास्त काम देणं हा ओव्हरलोड, आणि ते काम टप्प्याटप्प्यानं वाढवणं हे क्रमशः वाढीचं तत्त्व. दोन्ही एकच असल्यासारखी उत्तरं मी कितीतरी वाचली आहेत. शिवाय एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. फेऱ्या वाढवल्या तर त्या आठवड्यात सेकंद वाढवायचे नाहीत आणि विश्रांतीही कमी करायची नाही. चौथ्या आठवड्यात पुन्हा चारच फेऱ्या. मुलांना वाटतं हे मागं जाणं आहे. खरं तर शरीर सरावाच्या वेळी मजबूत होत नाही, सरावानंतरच्या विश्रांतीत होतं. चौथा आठवडा त्यासाठीच.

फेरीतल्या विश्रांतीनंतर ती पुढच्या फेरीला तयार आहे की नाही, हे नाडीवरून कळतं. मिनिटाला एकशेवीस ते एकशेतीसपर्यंत ठोके उतरले की निघायला हरकत नाही. अडीच मिनिटांनीही नाडी एकशेपन्नासवर असेल तर फेरी जास्त कडक झाली आहे. थांबल्याबरोबर दहा सेकंद मोजून सहानं गुणायचं, कारण थांबल्यावर नाडी झपाट्यानं उतरते आणि पूर्ण मिनिट मोजत बसलात तर चुकीचा आकडा हाती येतो.

नाडीचं आणखी एक गणित परीक्षेत येतं, तेही या मुलीवरच करू. दोनशेवीसमधून वय वजा केलं की कमाल ठोके येतात, म्हणजे 203. सकाळी उठल्यावरचे तिचे ठोके 68 आहेत. 203 वजा 68, उरले 135. ही तिची हृदयाची राखीव क्षमता. सलग, बेताच्या वेगाच्या पळण्यासाठी यातले साठ टक्के घेतले तर 81, त्यात 68 परत मिळवले की 149. ऐंशी टक्के घेतले तर 108, म्हणजे 176. शेवटी 68 परत मिळवायला मुलं विसरतात आणि उत्तर 81 लिहितात. एक्क्याऐंशी ठोके तर नुसत्या चालण्यात होतील! आकडा लिहिल्यावर तो माणसाचा वाटतो का, एवढं बघावं.

या पद्धतीची मर्यादाही लिहा. दोनशेवीस वजा वय हा सरासरी अंदाज आहे, एखाद्याचे कमाल ठोके त्याहून दहा-बारानं सहज वेगळे असतात. आणि पंचेचाळीस सेकंदांच्या फेरीचा जोर नाडीवरून मापता येत नाही, कारण हृदयाला पायांच्या गतीशी जुळायला वेळ लागतो, तोवर फेरी संपलेली असते. तिथे घड्याळ आणि किती खुणा पार केल्या हेच माप.

हृदयाविषयी बोलतोच आहोत तर एक हिशेब सांगतो. विश्रांतीत बहात्तर ठोके आणि प्रत्येक ठोक्याला सत्तर मिलिलिटर रक्त, म्हणजे मिनिटाला पाच लिटर. जोरात पळताना 190 ठोके आणि ठोक्याला 110 मिलिलिटर धरलं तर जवळपास एकवीस लिटर. सरावानं यातला कोणता आकडा वाढतो? ठोक्यांची कमाल संख्या जवळजवळ तशीच राहते. वाढतं ते एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त. म्हणून सराव केलेल्या मुलीचे विश्रांतीतले ठोके कमी होतात. आणि परीक्षेसाठी दोन-तीन आठवडे मैदान सोडलं की सगळ्यात आधी घसरतं तेही हेच, स्नायूंची ताकद त्यामानानं जास्त टिकते. रिव्हर्सिबिलिटीच्या प्रश्नाला हे उदाहरण चालेल.

आता एक गैरसमज. पहिल्या नागमोडी सरावानंतर दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, जिना उतरताना जास्तच. 'लॅक्टिक ॲसिड साठलं' असं उत्तर लिहू नका. लॅक्टेट पळणं थांबल्यावर तासाभरात निघून जातं, हलकं चालत राहिलं तर आणखी लवकर. दुखतं ते वळताना शरीराला ब्रेक लावल्यामुळे. त्या क्षणी मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, त्याला एक्सेंट्रिक आकुंचन म्हणतात, आणि त्यात स्नायूतंतूंना बारीक इजा होते. जिना उतरतानाही तेच आकुंचन होतं, म्हणून तिथेच कळ येते.

शेवटी एक सावधगिरी. जानेवारी 2025मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. महिला आणि पुरुष दोन्ही संघ आपलेच जिंकले, कर्णधार प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. महिलांनी अंतिम सामना नेपाळविरुद्ध 78-40 असा जिंकला. हा गुणफलक बघूनच लक्षात यावं की नियम वेगळे होते. एका गड्याला बाद केल्याचा एक गुण देणाऱ्या जुन्या पद्धतीत अठ्ठ्याहत्तर कुठून येणार? ते सामने सात मिनिटांच्या चार पाळ्यांचे होते. दूरदर्शनवर पाहिलेलं आणि पुस्तकातलं एकाच उत्तरात मिसळून लिहिणारी मुलं त्या वर्षीपासून वाढली आहेत. प्रश्नात स्पर्धेचं नाव नसेल तर पुस्तकातला पारंपरिक नियम लिहा, नऊ गडी आणि नऊ मिनिटं. आकृती काढायला सांगितली तर बसलेल्या गड्यांची तोंडं एकाआड एक उलट दाखवायला विसरू नका, निम्म्या आकृत्यांत आठही जण एकाच बाजूला बघत असतात. नमस्कार.