दर गाठीला वीस सेकंद

(दृश्य: हिरवं, गढूळ पाणी. बुडबुड्यांची एक ओळ वर येते आणि फुटते.)

वणी-चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यातली ही एक जुनी ओपनकास्ट खदान. कोळसा संपला, पंप बंद झाले आणि खड्ड्यात पाणी भरलं. काठाशीच चोवीस मीटर खोली आहे. खाली एक जण वजनाला बांधलेला लोखंडी डबा शोधतो आहे. आज गावच्या शोधपथकाचा सराव आहे, म्हणून डबा. एरवी पोलीस पाटलाचा फोन येतो तेव्हा शोधायचं असतं माणसाला.

(दृश्य: काठावर नायलॉनचा दोर, त्याला बांधलेल्या चिंध्या.)

हा दोर नीट पाहा. टोकाला दगड, आणि दर तीन मीटरवर एक गाठ, तिच्यात पांढरी चिंधी. पाच मीटरच्या खुणेला मात्र लाल. पाण्याखालच्या माणसाला वर येताना एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत वीस सेकंद घ्यायचे आहेत. म्हणजे मिनिटाला नऊ मीटर, त्याहून जोरात नाही.

इथली ढीवर मंडळी पिढ्यानपिढ्या पाण्यात उतरतात. विहिरीत पडलेली बादली असो, तलावात बुडालेलं पोर असो, हाक त्यांनाच जाते. एका दमात खाली आणि त्याच दमात सरसर वर, ही त्यांची रीत, आणि श्वास रोखून मारलेल्या बुडीसाठी ती बरोबरच आहे. छातीत वरून नेलेली एकच दमभर हवा असते. खाली ती दाबली जाते, वर येताना पुन्हा पहिल्याइतकी होते, त्याहून मोठी होत नाही. पण पाठीवर सिलिंडर आला की हीच सवय जिवावर उठते.

(दृश्य: रेग्युलेटर तोंडात धरून मुलगा श्वास घेतो. गेजवरचा काटा दोनशेवर.)

सिलिंडरमध्ये साधी हवा आहे, ऑक्सिजन नाही. बारा लिटरच्या पोलादी बाटलीत दोनशे बार दाबाने, बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दोनशे पट दाबाने भरलेली, म्हणजे मोकळी सोडली तर २४०० लिटर. रेग्युलेटर ती हवा आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने देतो, नाहीतर छाती फुलणारच नाही. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो, आणि वरचं एक धरलं की चोवीस मीटरवर साधारण ३.४ होतात. म्हणजे तिथल्या एका श्वासात वरच्यापेक्षा ३.४ पट हवा आहे.

आता ही हवा छातीत असताना श्वास रोखून वर आलं तर? ती फुगणार, आणि फुप्फुसाला तितकी जागा नाही. पूर्ण भरलेल्या छातीने, श्वास धरून, सव्वा-दीड मीटर वर येणंही फुप्फुस फाटायला पुरेसं असतं. म्हणून सिलिंडर लावणाऱ्याला शिकवायचा पहिला नियम एकच: श्वास कधीही रोखायचा नाही. रेग्युलेटर तोंडातून निसटला तरी बारीक बुडबुडे सोडत राहायचं.

(दृश्य: आठवडी बाजार. गोटी सोड्याची गाडी. अंगठ्याने गोटी आत ढकलली जाते.)

दुसरा धोका दिसत नाही, तो मुरतो. हवेत जवळजवळ ७९ टक्के नायट्रोजन आहे. शरीर तो वापरत नाही, पण दाबाखाली तो रक्तात आणि मांसात विरघळत जातो, सोड्यातल्या वायूसारखा. गोटी आत पडली की बाटलीतला दाब एका क्षणात जातो आणि फेस उसळतो. गोटी सोडा हळू उघडताच येत नाही. प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण मात्र किंचित सैल करून थांबता येतं, वायू सुस्कारत निघून जातो आणि पाणी शांत राहतं. शरीराचं झाकण म्हणजे वर येण्याचा वेग.

(दृश्य: कोळशाचा उभा कडा. जुन्या रेषाचित्रांची मालिका.)

गंमत बघा, अंगात असे बुडबुडे उसळण्याचा हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला तो समुद्रात नव्हे, कोळशाच्या खाणीत. फ्रान्समध्ये लुआर नदीकाठी त्रिजे नावाच्या अभियंत्याने पाणी अडवायला खाणीच्या शाफ्टमध्ये दाबाखाली हवा भरली आणि मजूर त्या हवेत खणू लागले. १८४१ च्या सुमारास त्याने लिहून ठेवलं की बाहेर आल्यावर काहींचे हात-गुडघे ठणकतात. कारण ध्यानात यायला आणखी पस्तीस-चाळीस वर्षं गेली. १८७८ मध्ये पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवलं की दुखणं नायट्रोजनच्या बुडबुड्यांचं आहे. मग इंग्लंडात हॉल्डेन या शास्त्रज्ञांनी पोलादी कोठडीत बकऱ्या ठेवल्या, दाब वाढवला, वेगवेगळ्या गतीने उतरवला आणि बघत बसले. त्रास झालेली बकरी पुढचा पाय उचलून धरायची, जमिनीवर टेकवायची नाही. आपल्याकडे काटा रुतलेली बकरी उभी राहते, अगदी तशी. दाब एकदम अर्ध्यावर आणला तर बकऱ्या सहसा ठीक राहतात, त्याहून खाली आणला की पाय उचलतात, असं त्यांना दिसलं. त्यावरून टप्प्याटप्प्याने वर येण्याचं पहिलं कोष्टक १९०८ साली छापलं गेलं. मनगटावर बांधायचा आजचा डाइव्ह कॉम्प्युटर त्याच हिशेबाची सुधारलेली पुढची पिढी आहे.

हिशेब असा की सगळं शरीर नायट्रोजनने एका गतीने भरत नाही. रक्तासारखा भाग पाच-पाच मिनिटांनी उरलेलं निम्मं भरत जातो असं धरतात. चोवीस मीटरवर वीस मिनिटांत तो ९४ टक्के भरतो. ज्याला निम्मं व्हायला चाळीस मिनिटं लागतात असा संथ भाग तेवढ्याच वेळात २९ टक्क्यांवर असतो. भरायला उशीर तसा रिकामा व्हायलाही उशीर. म्हणूनच खोलीबरोबर वेळही मोजावा लागतो. प्रशिक्षणात वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित कोष्टकात पंचवीस मीटरसाठी २९ मिनिटांची मर्यादा आहे. त्यापुढे वाटेत सक्तीचे थांबे लागतात. आजची वीस मिनिटं त्या आत बसतात. खदान समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरपेक्षा कमी उंचीवर असल्याने कोष्टकात उंचीची दुरुस्तीही करावी लागत नाही.

(दृश्य: काठावर वहीत आकडेमोड. बोटाखाली ओळ.)

मग माणसं भसकन वर का येतात? बहुतेक वेळा हवा संपत आली म्हणून. शांत माणूस वर मिनिटाला वीस लिटर हवा ओढतो, चोवीस मीटरवर ६८. वीस मिनिटांचे झाले १३६०. हळू वर येणं आणि लाल गाठीवरचा थांबा मिळून आणखी दोनशेच्या थोडं वर. बाटलीत सत्तरच्या आसपास बार उरतात, चिंता नाही. पण गढूळ पाण्यात चाचपडत, ओढाताण करत शोधणारा तीस लिटर ओढतो. त्याची वीस मिनिटं २०४० लिटर खातात. उरले ३६०, आणि शिस्तीत वर यायलाच तीनशेच्या वर पाहिजेत. काटा लाल पट्ट्यात गेला की डोक्यात एकच विचार: वर. म्हणून वहीत खाली एक ओळ आखली आहे. काटा शंभरवर आला की शोध जिथे असेल तिथे सोडायचा आणि दोराकडे परतायचं. जोरात काम करणाऱ्याला हे शंभर बार बाराव्या मिनिटालाच दिसतात.

(दृश्य: पाण्याखाली. दोर, हात, वर धरलेली नळी.)

वर येणं सुरू. फुगवण्याचं जॅकेट, ज्याला सगळे बीसीडी म्हणतात, त्यात तळाशी दोन लिटर हवा असेल तर दहा मीटरवर तिचे ३.४ लिटर होतात आणि पृष्ठभागाजवळ पावणेसात. ती सोडली नाही तर जॅकेटच माणसाला फुग्यासारखं ओढून नेतं. म्हणून डावा हात वर, नळीचं तोंड सगळ्यात उंच, बटण थोडं-थोडं दाबत राहायचं. वर जायला हवा भरायची नाही, ती आपोआप फुगत असते. आपण सोडलेले बारीक बुडबुडे नजरेसमोर ठेवायचे, त्यांना मागे टाकायचं नाही.

काठावरचे काका दोर धरून बसले आहेत. दोराचा हिसका हाताला नेमका कळतो.

"हळू ये गा, काऊन घाई करून राहिला?"

खाली ऐकू जात नाही, हे त्यांनाही माहीत आहे. ते दोर दोनदा ओढतात. ठरलेली खूण.

शेवटचे दहा मीटर सगळ्यात अवघड, कारण दाब दोनवरून एकावर येतो, अर्धा होतो. चोवीसवरून चौदा मीटरवर येताना एवढी मोठी उडी नसते. म्हणून पाच मीटरच्या लाल चिंधीवर तीन मिनिटं थांबायचं, श्वास साधा चालू ठेवायचा. रक्तातला बराच नायट्रोजन या वेळात फुप्फुसातून निघून जातो. सुटलेले थोडे सूक्ष्म बुडबुडे शिरांमधून फुप्फुसात येऊन गाळले जातात, माणसाला कळतही नाही. जास्त झाले की ते सांध्यात, त्वचेखाली किंवा मज्जारज्जूत अडकतात.

(दृश्य: बाजेवर आडवा माणूस, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. सराव.)

खांदा किंवा कोपर आतून ठणकणं, अंगावर जांभळट चट्टे, पायाला मुंग्या, लघवी न होणं, भोवळ. बहुतेक वेळा पहिल्या काही तासांत, कधी दुसऱ्या दिवशीपर्यंत. "काम जास्त झालं, अंग दुखते" म्हणून झोपू द्यायचं नाही. सपाट आडवं करायचं, शुद्ध ऑक्सिजन लावायचा, शुद्धीवर असेल तर पाणी पाजायचं, पुन्हा पाण्यात उतरवायचं नाही. उपचार प्रेशर चेंबरमध्ये होतो: अठरा मीटर खोलीइतका दाब, ऑक्सिजन आणि पावणेपाच तास. नौदलाचं अश्विनी रुग्णालय मुंबईला, इथून आठशे किलोमीटरहून दूर. जवळ चेंबर कुठे चालू आहे, हे बुडी मारण्याआधी फोन करून विचारायचं असतं. ऑक्सिजनची बाटली मात्र काठावर हवी, आणि ती या पथकाला गावाच्या वर्गणीतून घ्यावी लागली.

(दृश्य: पाणी शांत. डोकं वर येतं. हाताने ठीक असल्याची खूण.)

वहीत नोंद होते: २४ मीटर, २० मिनिटं, लाल गाठीवर ३, उरले ७० बार. आता भरपूर पाणी प्यायचं, कारण मे महिन्यात इथे अंगातलं पाणी बुडी मारायच्या आधीच उडालेलं असतं. आज चिखलदऱ्याला जायचं नाही, अकराशे मीटरच्या घाटात हवेचा दाब आणखी उतरतो. एका बुडीनंतर विमानासाठी बारा तास थांबतात, घाटालाही तोच धडा.

आणि ओझं उचलायचं नाही. जोर लावला की बुडबुडे वाढतात. खदानीच्या उतारावरून वर जाताना पाहा, बुडी मारलेला मुलगा हात हलवत पुढे चालला आहे, आणि त्याचा पंधरा किलोचा सिलिंडर काकांच्या खांद्यावर आहे.