सूत अडले तिथून सुरुवात : औद्योगिक क्रांती आणि नववीची कार्यपत्रिका

(इतिहास शिक्षकांच्या कार्यशाळेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. नववीच्या कार्यपत्रिकेत औद्योगिक क्रांतीची कारणे आणि परिणाम थोडक्यात कसे लिहून घ्यावेत, हा आजचा विषय. चाळीस मिनिटे आहेत. कारणांना वीस आणि परिणामांना वीस असे ठरवून आलो आहे. पाहू, कसे जमते.

आपल्याकडच्या उत्तरांत एक गोष्ट मला फार खटकते, तिथूनच सुरुवात करतो. ‘औद्योगिक क्रांती इंग्लंडमध्येच का झाली?’ असा तीन गुणांचा प्रश्न असतो. मूल लिहिते: कोळसा होता, लोखंड होते, भांडवल होते, वसाहती होत्या, नवे शोध लागले. आपण पाच टिकमार्क करतो आणि पूर्ण गुण देतो. पण या उत्तरात ‘म्हणून’ हा शब्द एकदाही आलेला नाही. कोळसा तर पृथ्वीच्या पोटात कोट्यवधी वर्षे पडून होता. मग क्रांती अठराव्या शतकातच का झाली? त्या उत्तरातून हे कळत नाही. वाण्याची यादी आणि इतिहासाचे उत्तर यांत फरक असतो. यादीतल्या वस्तू वर-खाली केल्या तरी काही बिघडत नाही. कारणांचा क्रम बदलला की उत्तरच कोसळते.

हा क्रम दाखवायला मी सूत घेतो. कापसाचे सूत. इथे इचलकरंजीची, भिवंडीची मंडळी असतील, त्यांना ताणा आणि बाणा म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. मागावर उभे ताणून बसवलेले धागे म्हणजे ताणा. धोट्यातून आडवा जातो तो बाणा. ताण्यावर सतत ओढ असते, म्हणून तो धागा मजबूत लागतो. बाणा थोडा मऊ असला तरी चालतो. एवढे लक्षात ठेवा, पुढचे सगळे यावर उभे आहे.

1733 साली जॉन के याने धावत्या धोट्याचे पेटंट घेतले. त्याआधी विणकर धोटा एका हाताने फेकायचा आणि दुसऱ्या हाताने झेलायचा. कापड रुंद असेल तर हात पुरत नसत, दोन्ही बाजूंना एकेक माणूस लागे. केच्या मागावर दोरी ओढली की धोटा आपोआप या टोकाकडून त्या टोकाकडे जायचा. दोघांचे काम एकटा करू लागला, आणि तेही भराभर. पण धोटा आल्याच्या दुसऱ्या दिवशी काही क्रांती झाली नाही. कापसाच्या धंद्यात तो रुळायलाच वीस-पंचवीस वर्षे गेली. ‘शोध लागला, क्रांती झाली’ अशी उत्तरे येतात तेव्हा ही वर्षे मुलांना जरूर दाखवा.

तर धोटा रुळला, आणि मग काय झाले? सूत अडले. आधीच एका विणकराला पुरेल एवढे सूत कातायला चार-पाच जणी चरख्यावर बसत. आता विणकर आणखी वेगाने विणू लागला आणि सुतासाठी दारोदार फिरू लागला. चरख्याला सूत पिळणारी चाती एकच. म्हणजे एका जागची अडचण सुटली आणि ती दुसऱ्या जागी जाऊन बसली. माझ्या मते औद्योगिक क्रांतीचे खरे कारण शिकवायचे तर ही सरकणारी कोंडी शिकवावी.

1764 च्या सुमाराला जेम्स हारग्रीव्हजने जेनी बनवली. एक चाक फिरवले की आठ चात्या फिरायच्या. पुढे चात्यांची संख्या वाढत गेली. (जेनी हे त्याच्या मुलीचे नाव, ही गोष्ट वर्गात सांगू नका. तिला कागदोपत्री आधार नाही.) जेनी हाताने चालायची आणि झोपडीत मावायची, म्हणजे जेनीने कारखाना आणला नाही. शिवाय तिचे सूत मऊ. बाण्याला चालायचे, पण ताण्याला लावले की तुटायचे. म्हणून लँकेशायरचे विणकर ताणा लिननचा, म्हणजे जवसाच्या धाग्याचा, आणि बाणा कापसाचा असे मिश्र कापड विणत.

आता इथे भारत येतो, आणि आपल्या पुस्तकांतल्या नेहमीच्या जागेच्या कितीतरी आधी येतो. भारतातून जाणारे छापील सुती कापड इंग्लंडमध्ये इतके खपू लागले, की तिथल्या लोकर आणि रेशीमवाल्यांनी ओरड केली. 1700 साली भारतीय छापील कापडाच्या आयातीवर बंदी आली, आणि 1721 च्या कायद्याने छापील सुती कापड वापरण्यावरही. लिननचा ताणा असलेल्या मिश्र कापडाला मात्र 1736 मध्ये सूट मिळाली. म्हणजे गिऱ्हाइकांना सुती कापडाची गोडी लागली होती, भारतीय माल दाराबाहेर अडवलेला होता, आणि देशी कारागिरांना ताण्याएवढे मजबूत सूत कातता येत नव्हते. वसाहती म्हणजे फक्त कच्चा माल असे आपण शिकवतो. इथे तर भारताच्या पक्क्या मालाची बरोबरी करण्याची धडपड क्रांतीच्या मुळाशी दिसते.

ही ताण्याची अडचण रिचर्ड आर्कराइटच्या यंत्राने सोडवली. पेटंट 1769 चे. त्यात रुळांच्या जोड्या होत्या, पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा वेगाने फिरे. त्यामुळे पेळू ओढला जाऊन बारीक होई, आणि मग त्याला घट्ट पीळ बसे. सूत ताण्याला टिकेल असे मजबूत निघाले. पण हे यंत्र हाताने चालवण्याजोगे नव्हते. नॉटिंगहॅमला त्याने घोडे जुंपून पाहिले. मग 1771 मध्ये डर्बीशायरमधल्या क्रॉमफर्डला वाहत्या पाण्याजवळ गिरणी उभी केली. मुलांना इथे थांबवून विचारा: कारखाना का आला? यंत्राला पाणचक्कीची ताकद हवी होती, पाणचक्की घरोघर नेता येत नाही, म्हणून माणसांना पाण्यापाशी जावे लागले. हे झाले दोन गुणांचे उत्तर.

आणि 1774 मध्ये, आर्कराइटच्याच खटपटीने, पार्लमेंटने इंग्लंडमध्ये बनलेल्या निव्वळ सुती कापडाला परवानगी दिली. यंत्र आणि कायदा दोन्ही जुळून आले तेव्हा धंदा उसळला. 1760 च्या सुमाराला ब्रिटनमध्ये वर्षाला साधारण 25 लाख पौंड कापूस येत होता, 1787 मध्ये 2 कोटी 20 लाख पौंड. हे पौंड वजनाचे आहेत, पैशाचे नव्हेत. कार्यपत्रिकेत ही चूक हमखास होते.

क्रॉमफर्डबद्दल आणखी एक सांगू द्या, मग पुढे जातो. आर्कराइटने कामगारांसाठी तिथे तीन मजली घरांची ओळ बांधली. वरच्या मजल्याला लांबलचक खिडक्या ठेवल्या, कारण तिथे उजेडात माग चालायचे. बायका आणि मुले खाली गिरणीत सूत कातायला जात, पुरुष घरी विणत. कातणे यंत्रावर गेले होते, विणणे अजून हातावरच होते. क्रांती एका घराच्या वरच्या मजल्यापर्यंत अजून पोचायची होती.

ती पोचली, पण सावकाश. 1779 मध्ये सॅम्युएल क्रॉम्प्टनने जेनी आणि आर्कराइटचे यंत्र यांचा मेळ घालून म्यूल बनवले. त्याचे सूत बारीकही आणि मजबूतही. शंभर पौंड कापसाचे बारीक सूत कातायला भारतीय कातणारीला हाताने पन्नास हजारांहून जास्त तास लागत असा हिशेब आहे. क्रॉम्प्टनच्या यंत्रावर ते काम 2000 तासांवर आले आणि 1795 च्या सुमाराला 300 वर. आता सुताचा पूर आला आणि विणकर कमी पडू लागले. हातमागवाल्यांची काही वर्षे चांगली गेली. कार्टराइटचा यंत्रमाग 1785 चा, पण तो नीट कामाचा व्हायला एकोणिसावे शतक उजाडले. 1820 च्या दशकात ब्रिटनमध्ये सुती हातमाग विणकर सुमारे अडीच लाख होते. शतकाच्या मध्याला ते पन्नास हजारांच्या आत आले.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, नऊ मिनिटे उरली. वाफ आणि परिणाम दोन्ही बाकी आहेत. आता नमुना उत्तरेच सांगतो, उतरवून घ्या.

प्रश्न: वाफेच्या यंत्राचा शोध कोणी लावला? ‘जेम्स वॅट’ हे उत्तर अर्धवट आहे. थॉमस न्यूकोमेनचे यंत्र 1712 मध्ये कोळशाच्या खाणीतले पाणी उपसत होते. त्यात प्रत्येक फेरीला सिलिंडर थंड करून पुन्हा तापवावा लागे, म्हणून कोळसा बेसुमार जळे. खाणीच्या तोंडाशी कोळसा जवळपास फुकट होता, म्हणून ते परवडे. वॅटने वाफ थंड करायला वेगळे पात्र जोडले (पेटंट 1769) आणि कोळशाचा मोठा खर्च वाचवला, म्हणून यंत्र खाणीपासून दूरही परवडू लागले. सूतगिरणीत वाफ 1785 च्या सुमाराला आली, म्हणजे क्रॉमफर्डनंतर चौदा वर्षांनी. ‘वाफेमुळे कारखाने सुरू झाले’ हे विधान चूक आहे. वाफेमुळे कारखाने नदी सोडून शहरात आले, हे बरोबर.

प्रश्न: इंग्लंडच का? ‘इंग्लंडमध्ये मजुरी महाग आणि कोळसा स्वस्त होता. म्हणून मजूर वाचवून कोळसा जाळणारे यंत्र तिथे परवडले. मजुरी स्वस्त असलेल्या देशात तेच यंत्र तोट्याचे ठरले असते.’ यावर इतिहासकारांत वाद आहेत, पण नववीच्या मुलाला विचार करायला लावणारे हेच उत्तर आहे. भांडवल, बँका आणि बंदरे याच्या आधाराला जोडा.

प्रश्न: शहरांवर काय परिणाम झाला? ‘गिरण्या शहरात आल्या म्हणून कामगारही आले. मँचेस्टरची वस्ती 1801 मध्ये पाऊण लाखाच्या आसपास होती, ती 1851 मध्ये तीन लाखांवर गेली. घरे, सांडपाणी आणि पिण्याचे पाणी त्या वेगाने वाढले नाही, म्हणून कॉलऱ्याच्या साथी आल्या.’ नुसते ‘शहरे वाढली’ याला एकच गुण.

प्रश्न: 1833 चा कारखाना कायदा महत्त्वाचा का? ‘कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आली, नऊ ते तेरा वयाच्या मुलांना आठवड्याला 48 तासांची मर्यादा आली, आणि तपासणीसाठी चार निरीक्षक नेमले.’ निरीक्षक हा शब्द सोडू नका. 1802 आणि 1819 चे कायदे तपासायला पगारी निरीक्षकच नव्हते म्हणून कागदावर राहिले. अशीच मर्यादा मुंबईच्या गिरण्यांना 1881 मध्ये आली, आणि रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानंतर 1890 मध्ये.

शेवटचा प्रश्न: भारतावरील परिणाम. ‘विणकर उद्ध्वस्त झाले’ एवढे लिहून घेऊ नका. यंत्राने आधी कातणे हिसकावले, म्हणून आधी रोजगार गेला तो घराघरांत चरख्यावर बसणाऱ्या बायकांचा. विणकरांना गिरणीच्या कापडाशी झुंजावे लागले आणि अनेकांचे माग बंद पडले. पण जे टिकले, ते तेच गिरणीचे स्वस्त सूत विकत घेऊन टिकले. आधी इंग्लंडचे, आणि 1850 च्या दशकात मुंबईत गिरण्या निघाल्यावर इथलेही. मुलाने ‘सूत’ आणि ‘कापड’ हे दोन शब्द वेगळे काढले असतील, तर तीनपैकी तीन द्या.