फोनच झाला कार्ड मशीन

…तर मंडळी, कार्ड मशीनवरचा माझा राग तुम्हाला माहीतच आहे. भाडं महिन्याचं, वापर आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत. नेमकं गिऱ्हाईक उभं असताना कागदाचा रोल संपणार! हसू नका, चाटी गल्लीतल्या निम्म्या दुकानांत हेच चाललंय.

आता फोनचं सांगतो, ॲप टाकलं की तोच कार्ड मशीनचं काम करतो. परवा एका चादरीच्या दुकानात पुण्याच्या बाई आल्या. बिल ४,२०० रुपयांचं. मुलानं ॲपमध्ये रक्कम टाकली, बाईंनी कार्ड स्क्रीनवर ठेवलं. काही नाही. पुन्हा ठेवलं. तरी नाही. मुलगा म्हणाला, "कार्ड खराब आहे." बाई भडकल्या ओ! दोष कार्डाचा नव्हताच. फोनचा एनएफसी अँटेना, म्हणजे जवळ आणलेल्या कार्डाशी बिनतारी बोलणारा भाग, बहुधा पाठीमागे असतो, बऱ्याच फोनमध्ये कॅमेऱ्याजवळ, आणि कार्ड चार सेंटीमीटरच्या आत लागतं. मी फोन उलटा केला, जाड कव्हर काढलं आणि कार्ड आवाज येईपर्यंत टेकवून ठेवायला सांगितलं. झालं! फोन नवा घेतलात की आपल्याच कार्डाने ती जागा शोधा आणि पाठीवर खूण करा.

तरीही नाही लागलं, तर कार्डावर चार वाकड्या रेषांची खूण आहे का पाहा. खूण असूनही व्यवहार नाकारला जात असेल, तर कार्ड नुसतं टेकवून पैसे देण्याची सोय बंद असू शकते. २०२० पासून नव्या कार्डावर ती ग्राहकालाच बँकेच्या ॲपमधून चालू करावी लागते.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. मुख्य विषय राहिलाच की!

तर भरभर. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये NFC आहे का बघा. स्वस्त फोनमध्ये पुष्कळदा नसतं. मग बँकेकडे किंवा पेमेंट कंपनीकडे व्यापारी म्हणून नोंदणी करा: पॅन, बँक खातं, दुकानाचा पुरावा. त्यांचंच ॲप घ्या. रूट केलेल्या, म्हणजे कंपनीची बंधनं तोडलेल्या फोनवर ते चालत नाही, डेव्हलपर ऑप्शन्स चालू असले तरी बऱ्याचदा अडतं. कार्डाचा नंबर फोनमध्ये साठत नाही; चिप दर व्यवहाराला नवा सांकेतिक कोड देते.

५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. त्यापुढे स्क्रीनवर पिनचे आकडे येतात. फोन गिऱ्हाईकाच्या हातात द्या, तुम्ही तोंड फिरवा. पिन चुकवायला ७,२०० चे दोन तुकडे करू नका, कार्ड कंपन्यांचे नियम मोडतात.

खर्चाचं? वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल, तर डेबिट कार्डावर जास्तीत जास्त ०.४० टक्के, म्हणजे त्या ४,२०० वर १६ रुपये ८० पैसे, वर जीएसटी. रुपे डेबिटला शून्य. क्रेडिट कार्डाचा दर मात्र सही करण्याआधी लेखी मागून घ्या. बाकी प्रश्न चहाच्या वेळी विचारा, फोन घेऊन या म्हणजे अँटेनाही शोधून देतो.