विटेचा साइज कोण ठरवणार? (कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

पावसाळ्यात आपण सगळेच राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत असतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. आता तासातासाला इंचा-दोन इंचानं पाणी वर-खाली होत असतं, पण शेजाऱ्याला फोन केला की आपण काय विचारतो, "किती फुटांवर गेलं ओ?" म्हणजे इंच सोडून दिले आणि फूट धरला. शेअरच्या भावाचे रेंको न् पॉइंट अँड फिगर चार्ट एवढंच करतात. वेळ गेली म्हणून चार्ट पुढं सरकत नाही, भाव ठरलेल्या मापाएवढा हलला तरच सरकतो, आणि ते माप म्हणजे बॉक्स.

रेंकोत विटा असतात, जपानीत विटेला रेंगा म्हणतात, त्यावरनं नाव पडलं म्हणे. वर जाताना एक बॉक्स भाव वाढला की एक हिरवी वीट. पण उलटी, म्हणजे लाल वीट पडायला शेवटच्या विटेच्या टोकापासनं दोन बॉक्स खाली यावं लागतं, आणि लोक इथंच फसतात.

एक मनातला शेअर घेऊ, रोजचे क्लोजिंग लिहून घ्या: ५००, ५०७, ५१२, ५०८, ५०३, ५११, ५१९, ५२२, ५१४, ५०६, ४९९. नियम साधा, पहिली हिरवी वीट आली की घ्यायचं, लाल आली की विकायचं.

बॉक्स ३ रुपयांचा धरला तर ५०७ ला खरेदी. भाव ५१२ ला गेला, विटेचं टोक ५१२, उलटायची जागा ५०६. मग ५०३ ला क्लोज आला, लाल, विकलं, ४ रुपये तोटा. ५११ ला परत हिरवी, परत घेतलं, ५१४ ला विकलं, ३ रुपये आले. दोन सौदे करून एक रुपया गेला, वर ब्रोकरेज, टॅक्स वेगळेच.

बॉक्स १० चा केला तर ५०३ ची घसरण दिसतच नाही, चार्ट एकदम शांत. पण पहिली वीटच ५१२ ला आली, आणि लाल वीट यायला ४९९ उजाडलं. एकच सौदा, पण १३ रुपयांचा तोटा! चार्ट सुंदर आणि खिसा रिकामा. तेच हा शेअर पुढं ५६० ला गेला असता तर १० वाल्यानं मजा मारली असती, तेही खरं.

मग ठरवायचं कसं? मी दोन बाजूंनी आवळतो. खालची मर्यादा शेअर ठरवतो: चढत असताना तो साधारण किती मागं येतो ते बघा. इथं ५१२ वरनं ५०३, म्हणजे ९ रुपये. दोन बॉक्स याच्यापेक्षा मोठे पाहिजेत, म्हणून बॉक्स ५. करून बघा, ५०७ ला खरेदी, ५०३ ला हलत नाही, ५०६ ला बाहेर, एकाच सौद्यात रुपयाचा तोटा. वरची मर्यादा तुमचा खिसा: वीट पूर्ण व्हायच्या आधीचा अर्धवट भाग धरला तर वरनं जवळजवळ तीन बॉक्स परत द्यावे लागू शकतात, गॅप पडला तर त्याहून जास्त. ते झेपत नसेल तर तो शेअरच आपला नव्हे, बॉक्स बारीक करून काय उपयोग नाही.

पॉइंट अँड फिगरला बॉक्सचं माप आणि पलटीचं अंतर ही दोन कामं वेगळी केलीत. चढताना X ची रांग, उतरताना O ची, आणि रांग बदलायला सहसा तीन बॉक्स लागतात. बॉक्स ५ ठेवला तर ५२० वरनं ५०५ ला यायला पाहिजे, ५०६ ला एका रुपयानं वाचला, म्हणून इथंही ४९९ लाच बाहेर. बॉक्स बारीक ठेवून पलटी लांब ठेवता येते, हा त्याचा फायदा, मला तो रेंकोपेक्षा प्रामाणिक वाटतो.

पहिल्या वर्षी मी सॉफ्टवेअरमध्ये बॉक्स ATR वर सोडला होता. ATR म्हणजे १४ दिवसांची सरासरी हालचाल, ती रोज बदलते, मग बॉक्सही बदलतो आणि जुन्या सगळ्या विटा नव्यानं रचल्या जातात. काल ज्या लाल विटेवर विकलं ती आज चार्टवर नाहीच! मी बसलोय वेड्यासारखा शोधत. अशा चार्टवरचा बॅकटेस्ट, म्हणजे जुन्या भावांवर नियम लावून काढलेला निकाल, झकास दिसणारच. ATR वापरा, मीही त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करतो, म्हणजे दोन बॉक्सची पलटी एका ATR एवढी होते, पण आकडा वहीत लिहा आणि फिक्स टाका.

मागनं कुणीतरी विचारलं, कायमचा फिक्स का? नाही हो. ५०० च्या शेअरला ५ म्हणजे एक टक्का, तोच १००० ला गेला की अर्धा टक्का, परत किरकिर सुरू. कितीतरी वर्षांचा चार्ट बघायचा असेल तर टक्क्यातला बॉक्स घ्या. नाहीतर मी तिमाहीला एकदा बदलतो, आणि हातात सौदा असला तर तो मिटेपर्यंत हातच लावत नाही.