ट्यूबलाइट चौकटीबाहेर गेली की चेहरा उजळतो

(ऑनलाइन वर्ग घेणाऱ्या शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. घरातून वर्ग घेताना आपण कसे दिसतो हे तपासायचे, तर वेबकॅमच्या दोन फ्रेम्स शेजारी ठेवून पाहणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. साधारणपणे तीन गोष्टी पाहिल्या जातात: चेहऱ्यावरचा उजेड, मागची आवराआवर आणि चौकटीत आपण कुठे, किती मोठे दिसतो. तिघांना वेगवेगळे गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत मला पटत नाही, कारण या गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात. एक हलवली की दुसरी आपोआप बदलते. आज एकाच खोलीचे उदाहरण घेऊन ते दाखवतो.

आधी फ्रेम घ्यायची कुठून ते सांगतो. लॅपटॉपच्या कॅमेरा अ‍ॅपमधला फोटो इथे उपयोगाचा नाही. विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणारे चित्र दाबून, आकसून जाते. बारीक तपशील वाटेतच गळतात. म्हणून घरातल्या दुसऱ्या मोबाइलवरून त्याच वर्गात सामील व्हा आणि त्या मोबाइलवर स्क्रीनशॉट घ्या. जागा किंवा दिवा बदलल्यावर लगेच बटण दाबू नका. वेबकॅम उजेडाचा आणि रंगाचा अंदाज स्वतःच घेत असतो, त्याला स्थिरावायला काही सेकंद लागतात. दहापर्यंत मोजा, मग फ्रेम घ्या. दोन फ्रेम्समध्ये बदल एकच असावा आणि कपडे तेच असावेत. पांढरा सदरा काढून काळा घातला, तरी चेहऱ्याचा उजेड बदलतो.

आता खोली. संध्याकाळी सातचा वर्ग आहे. टेबल 75 सेंटिमीटर उंच, त्यावर लॅपटॉप. कॅमेरा पडद्याच्या वरच्या कडेला, म्हणजे जमिनीपासून सुमारे 97 सेंटिमीटरवर. खुर्चीत बसलेल्या शिक्षिकेचे डोळे 118 सेंटिमीटरवर आणि कॅमेऱ्यापासून 60 सेंटिमीटर दूर. तिच्या मागे दोन मीटरवर भिंत, त्या भिंतीवर 210 सेंटिमीटर उंचीला ट्यूबलाइट, खाली कपाट आणि कपाटावर बॅगा. आपल्याकडच्या कितीतरी घरांत खोलीतला मुख्य दिवा असा भिंतीवर उंच लावलेला असतो.

पहिल्या फ्रेममध्ये चेहरा काळवंडलेला दिसतो, नाकपुड्या दिसतात, छत दिसते आणि डोक्यामागे ट्यूबलाइटची पांढरी पट्टी. पाहणारा म्हणतो, ‘उजेड कमी आहे, रिंगलाइट घ्या.’ मूळ दोष चौकटीचा आहे. कॅमेरा डोळ्यांपेक्षा 21 सेंटिमीटर खाली असल्याने चेहरा चौकटीत आणायला पडदा मागे कलवावा लागला आणि कॅमेरा वर पाहू लागला. साहजिकच ट्यूबलाइट चौकटीत आली. कॅमेरा मोजमाप बहुतांशी संपूर्ण चित्राच्या उजेडावरून करतो. चित्रात झगझगीत पट्टी आली की त्याला वाटते उजेड भरपूर आहे, आणि तो सगळेच चित्र गडद करतो. त्यात चेहराही गडद होतो.

दुसऱ्या फ्रेमसाठी फक्त एक बदल: लॅपटॉपखाली सुमारे 20 सेंटिमीटर उंचीची जाड पुस्तके. हात उंचावून टाइप करावे लागू नये म्हणून वेगळा कीबोर्ड आणि माउस हवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी पुस्तके निघतात. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर आला की पडदा जवळजवळ सरळ उभा राहतो, किंचित पुढे झुकवला तरी चालतो. डोळे चौकटीच्या वरच्या तृतीयांशावर आणायचे. 720 ओळींच्या चित्रात वरून साधारण 240 व्या ओळीवर. या स्थितीत ट्यूबलाइट चौकटीच्या वरच्या कडेबाहेर जाते. तो दिवा खोलीत जसाच्या तसा चालू आहे, नवा दिवा आणलेला नाही, तरी चेहरा उजळतो. ही फ्रेम पहिलीशेजारी ठेवा, म्हणजे फरक डोळ्यांना दिसेलच. आकडा हवा असेल, तर फोटो संपादनाच्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये दोन्ही फ्रेम्स कृष्णधवल करा आणि गालावरच्या एका जागेचे मूल्य वाचा. 0 म्हणजे काळे, 255 म्हणजे पांढरे.

सगळ्यांसाठी एकच ‘योग्य’ आकडा ठरवू नका. सावळ्या चेहऱ्याला गोऱ्या चेहऱ्याच्या आकड्यावर ओढले, तर कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढरा फटक पडतो आणि चेहरा त्या माणसाचा राहत नाही. कसोटी वेगळी आहे: चेहऱ्यावर कुठेही 255 नको, आणि डोळ्यांचा पांढरा भाग व बुबुळ मोबाइलच्या छोट्या चौकोनातही वेगळे दिसायला हवेत. शिक्षक कोणाकडे पाहतो आहे, ओठ कसे हलतात, हे विद्यार्थ्याला तिथूनच कळते.

दुसरी फ्रेम मोठी करून पाहा. गालावर दाणे दिसतील, हालचालीत चेहरा पुसट होईल. कारण दिवा अजूनही पाठीमागेच आहे. चेहऱ्यावर पडतो तो पडद्याचा उजेड आणि थोडा भिंतींवरून परतलेला. कॅमेरा कमी उजेडाची भरपाई स्वतःला मिळालेला क्षीण विद्युत संकेत वाढवून आणि प्रत्येक चित्र जास्त वेळ उघडे ठेवून करतो. पहिल्याने दाणे येतात, दुसऱ्याने हालचाल पुसट होते. इथे खरोखर दिवा लागतो. टेबलावरचा साधा दिवा, 9 वॅटचा एलईडी बल्ब, लॅपटॉपच्या मागे ठेवून समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवा. भिंतीवरून परतलेला उजेड मऊ पडतो आणि चष्म्यात बल्बचा ठिपका उमटत नाही. भिंत रंगीत असेल, तर तिथे पांढरा कार्डशीट लावा, नाहीतर भिंतीचा रंग चेहऱ्यावर येतो. बल्ब ट्यूबलाइटसारखाच पांढरा घ्या. पिवळा घेतला, तर कॅमेरा दोन्ही रंगांना एकाच वेळी न्याय देऊ शकत नाही: चेहरा नारिंगी होतो किंवा मागची भिंत निळसर. फ्रेममध्ये आडव्या पट्ट्या सरकताना दिसल्या, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये विजेची वारंवारता 60 आहे का पाहा. भारतात ती 50 हर्ट्झ असते.

पार्श्वभूमी शेवटी पाहायची, कारण कॅमेरा उचलल्यावर मागचे दृश्यच बदलते. आधी छत दिसत होते, आता कपाट आणि बॅगा दिसतात. जे चौकटीबाहेर जाणार ते आवरण्यात वेळ कशाला घालवायचा? भिंत रिकामी करण्याचीही गरज नाही. डोक्यातून आरपार गेल्यासारखी दिसणारी कपाटाची उभी कड टाळण्यासाठी खुर्ची एक हात बाजूला सरकवा. बॅगा खाली ठेवा. वाचता येईल असा मजकूर आणि आरसा चौकटीत नको.

हलणाऱ्या वस्तूंकडे मात्र बारकाईने पाहा, कारण त्या एका स्थिर फ्रेममध्ये पकडता येत नाहीत. फिरत्या पंख्याची भिंतीवरची सावली किंवा फडफडणारा पडदा यांवर व्हिडिओचा डेटा खर्च होतो. नेट कमकुवत असले की तेवढा तपशील चेहऱ्याचा कमी होतो. म्हणून पाच सेकंदांच्या अंतराने दोन स्क्रीनशॉट घ्या आणि मागचे काय बदलले ते शोधा. मागचे सगळे झाकायला आभासी पार्श्वभूमी लावणाऱ्यांनी हातात पुस्तक किंवा प्रयोगाची नळी धरून एक फ्रेम जरूर घ्यावी. बऱ्याचदा ती वस्तूच गायब होते.

खिडकीच्या उजेडावर संध्याकाळी साडेपाचचा वर्ग घेत असाल, तर सुरुवातीला आणि शेवटच्या पाच मिनिटांत अशा दोन फ्रेम्स घ्या. हिवाळ्यात तासाभरात खिडकी काळी होते. पहिली फ्रेम उत्तम असली, तरी समोरच्या भिंतीकडे वळवलेला टेबलावरचा दिवा वर्ग सुरू होतानाच लावलेला बरा.