कडेवरचं कणीस

मंडळी, पत्रिकेत ‘समष्टी आणि नमुना’ असा विषय छापूनही एवढे जण आलात, म्हणजे चहाची बातमी आधीच फुटलेली दिसते.

साताऱ्यात हा विषय काढायचा तर सुरुवात खटाव तालुक्यातल्या बुध गावापासूनच हवी. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे 1911 साली तिथे जन्मले. आपल्याकडे कमानी आमदारांच्या नावाने उभ्या राहतात. ही माझी जुनी तक्रार आहे, पण ती काढली तर रात्र सरेल.

1940च्या दशकात वाद असा होता की जिल्ह्यात पीक किती आलं, हे मोजायचं कसं? जिल्ह्यातलं सगळं उभं पीक ही समष्टी. ते सगळं तोलणं अशक्य. म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखी शेतं निवडायची, शेतात एक तुकडा आखायचा, तेवढाच कापून, मळून वजन करायचं. हा पीक कापणी प्रयोग. बंगालमध्ये दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते, कारण काम झटपट होतं आणि त्याच खर्चात तुकडे जास्त मिळतात. सुखात्म्यांनी दाखवलं की फार लहान तुकडे उत्पन्न फुगवून सांगतात.

का, ते शाळवाच्या रानात उभं राहून बघा. साठ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलंय. नेमकं रेषेवर एक भरदार कणीस डुलतंय. आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा विळा कुठे वळतो, ते इथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको! (पहिल्या रांगेतले काका हसले, म्हणजे अनुभव आहे.) यात लबाडी नसते, हात आपोआप जातो. समजा, कड सगळीकडे फक्त पाच सेंटिमीटर बाहेर सरकली. वर्तुळाचं क्षेत्र सतरा टक्क्यांनी वाढतं. पाच मीटर बाजूच्या चौरसात तीच चूक केली तर वाढ चार टक्के. आणि कापलेलं धान्य आपण भागतो मात्र कागदावरच्या मूळ क्षेत्राने.

आता असे हजार लहान तुकडे कापा. प्रत्येकाची चूक एकाच बाजूला, त्यामुळे सरासरी काढून ती जात नाही. उलट फुगलेल्या आकड्यावर आपला विश्वास मात्र घट्ट होतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मुख्य मुद्दा राहिलाच की! तर भराभर सांगतो. नमुना वाढवला की योगायोगाची चूक घटते, तीही सावकाश: चारशे माणसं चिठ्ठ्या टाकून निवडली तर टक्केवारी साधारण पाच टक्के इकडेतिकडे होते, ती निम्मी करायला सोळाशे लागतात. निवडीतली किंवा मोजणीतली चूक मात्र संख्येला दाद देत नाही. 1936 साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने लोकांचा कौल मागवला, त्यांच्याकडे वीस लाखांहून जास्त मतपत्रिका परत आल्या. पत्ते बरेचसे टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांमधले. त्यातही उत्तर देणारे ज्यांना हौस तेच. त्यांनी लँडन जिंकणार म्हणून सांगितलं, निवडून आले रूझवेल्ट, साठ टक्क्यांवर मतं घेऊन. जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलपचा नमुना त्याहून कितीतरी लहान होता, तरी विजेता त्याने बरोबर सांगितला. त्याचा अंदाजही थोडा चुकलाच होता, पण ते सांगायला घेतलं तर अध्यक्ष माईक काढून घेतील.