घड्याळ थांबल्यावरची दोन मिनिटं

नमस्कार श्रोतेहो.

बारावीनंतर पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला जायचं म्हणून ‘क्लॅट’ देणारी मुलं आज हा कार्यक्रम ऐकत असतील, त्यांच्याशी मला बोलायचं आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या आपल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत पदवीसाठी याच परीक्षेतून प्रवेश मिळतो. पेपर १२० मिनिटांचा, प्रश्न १२०. चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापला जातो. आणि २०२० पासून हा पेपर उताऱ्यांवर बेतलेला आहे. इंग्रजीच्या भागात साधारण साडेचारशे शब्दांचा एकेक उतारा आणि त्याखाली प्रश्न.

मी ही परीक्षा देणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवते. त्यातली बरीच मराठी माध्यमातून आलेली असतात. रोज एक उतारा घड्याळ लावून सोडवा, असं सगळेच सांगतात आणि मुलं तसं करतातही. मात्र उत्तरं तपासली, पाचपैकी तीन बरोबर आली, की वही मिटते. उरलेली दोन का चुकली, हे त्या वहीला माहीतच नसतं. वाचताना चूक झाली की पर्याय निवडताना? या दोन वेगळ्या चुका आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. कुठली झाली हे ओळखायचं साधन म्हणजे छोटा सारांश.

पद्धत सांगते. सुरुवातीला टायमर सात मिनिटांचा लावा. तीन-साडेतीन मिनिटं वाचनाला, बाकीची साडेतीन-चार प्रश्नांना. महिन्याभरात पाच मिनिटांवर या, कारण प्रत्यक्ष परीक्षेत एका उताऱ्याला साधारण तेवढाच वेळ परवडतो. टायमर वाजला की पेन खाली. आता उत्तरं तपासायची नाहीत. उतारा उलटा ठेवायचा आणि दोन मिनिटांत, न बघता, पंचवीस-तीस शब्दांत लिहायचं, की लेखकाचं म्हणणं काय आहे. उत्तरतालिका उघडायची ती त्यानंतर. हा क्रम मोडू नका. एकदा उत्तरं कळली की सारांश आपोआप त्या उत्तरांकडे झुकतो आणि मग त्यातून काहीच कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. वाहतुकीच्या दंडावरचा एक उतारा मी वर्गात दिला होता. पहिला परिच्छेद असा: २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, हेल्मेट नसल्याचा दंड शंभरावरून हजार रुपये झाला, आणि दंड वाढला की शिस्त येईल असं मानलं गेलं. दुसरा परिच्छेद म्हणतो, पण गाडीवर बसणारा माणूस दंड किती याचा हिशेब करत नाही, आपण सापडू का याचा करतो. सापडण्याची शक्यताच कमी असेल तर हजार काय आणि पाच हजार काय. तिसरा परिच्छेद छोटा, चारच ओळींचा: याचा अर्थ रकमेला महत्त्व नाही असा नव्हे, जिथे कॅमेरा प्रत्येकाला टिपतो, तिथे हीच रक्कम बोलू लागते.

वर्गातल्या एका मुलीने सारांश लिहिला, ‘दंड वाढवला तरी लोक नियम पाळत नाहीत, म्हणून दंड निरुपयोगी आहे.’ लेखकाचं मत विचारणारा प्रश्न होता, त्यातही तिने ‘दंडवाढ व्यर्थ आहे’ हाच पर्याय निवडला होता. सारांशही चुकला, उत्तरही चुकलं, आणि दोन्हीकडे चूक एकच. म्हणजे चूक वाचनात होती. मी तिला विचारलं, तर म्हणाली, “मॅडम, दुसऱ्या परिच्छेदातच मला कळलं होतं, मग शेवटचा भरभर वाचला.” लेखक जिथे वळला तिथे ती सरळ पुढे निघून गेली. अशा मुलांना मी एकच काम देते. वाचताना ‘पण’, ‘तरीही’, ‘याचा अर्थ असा नव्हे’ या अर्थाचे इंग्रजी शब्द आले की पेन्सिलीने गोल करायचा, आणि शेवटचा परिच्छेद पहिल्याइतक्याच सावकाश वाचायचा.

त्याच दिवशी एका मुलाची वही बघितली. त्याचा सारांश असा: ‘सापडण्याची खात्री नसेल तर दंड वाढवून फारसं साधत नाही, ती खात्री असेल तिथे रकमेचा धाक बसतो.’ नेमका! उतारा त्याला पूर्ण कळला होता. तरी त्याच प्रश्नाला त्याने पर्याय निवडला, ‘सरकारने सगळीकडे कॅमेरे बसवावेत.’ वाक्य पटण्यासारखं आहे, पण लेखक ते कुठेच म्हणत नाही. कॅमेऱ्याचं त्याने उदाहरण दिलं, मागणी केली नाही. या मुलाला आणखी वाचन करायला सांगून उपयोग नव्हता. त्याला सांगितलं, पर्यायावर खूण करण्याआधी उताऱ्यातल्या ज्या ओळीत त्याचा आधार आहे त्या ओळीवर बोट ठेव. बोट ठेवायला जागा सापडली नाही, तर तो पर्याय तुझ्या मनातला आहे, लेखकाचा नाही.

काही वह्यांत मला तिसराच प्रकार दिसतो. ‘हा उतारा वाहतुकीच्या दंडाविषयी आहे.’ हे शीर्षक झालं. याची खूणगाठ सोपी आहे. तुमच्या वाक्यात ‘विषयी’ किंवा ‘बद्दल’ आलं आणि वाक्य तिथेच संपलं, तर तुम्ही विषय लिहिला, म्हणणं लिहायचं राहिलं. सारांशाच्या वाक्याला कुणीतरी ‘मला पटत नाही’ असं म्हणू शकलं पाहिजे. ‘दंडाविषयी आहे’ याला कोण नाही म्हणणार?

आता भाषेचं. पहिला महिनाभर सारांश मराठीतच लिहा, असं माझं ठाम मत आहे. इंग्रजीत लिहायला बसलं की उताऱ्यातलेच शब्द उचलून वाक्य तयार होतं आणि न कळलेलंही कळल्यासारखं दिसतं. मराठीत तसं करता येत नाही, अर्थ कळला नसेल तर वाक्य अडतं. ज्या शब्दाशी अडलं तो शब्द त्या दिवशी शब्दकोशात बघायचा. महिन्यानंतर इंग्रजीवर या, कारण पर्याय इंग्रजीतच वाचायचे असतात.

उतारे कुठून आणायचे? क्लॅट घेणाऱ्या कन्सोर्शियमच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका आहेत, आधी त्या वापरा. त्या संपल्यावर इंग्रजी वर्तमानपत्रातल्या मतांच्या पानावरचा लेख घ्या आणि साधारण साडेचारशे शब्दांवर रेघ मारा. त्याला प्रश्न नसतील, सारांश तर लिहिता येईल. आणि कागदावर वाचा. ही परीक्षा कागदावर होते, मोबाइलवर बोटाने सरकवत वाचायची सवय तिथे उपयोगी पडत नाही.

एवढ्याने सगळं सुटत नाही. शब्दाचा अर्थ विचारणारे प्रश्न सारांशाने सुधारत नाहीत, त्याला शब्दांचा वेगळा सराव लागतो. वाचनाचा वेगही केवळ सारांश लिहून वाढत नाही.

वहीत रोजच्या उताऱ्याला एक पान द्या. वर तारीख आणि लागलेला वेळ, मध्ये सारांश, खाली चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर. वाचनात चुकलं तर ‘वा’, पर्यायात चुकलं तर ‘प’. पंधरा दिवसांनी अक्षरं मोजा. त्या मुलीच्या वहीत पहिल्या पंधरवड्यात एकोणीस ‘वा’ होते आणि सहा ‘प’. दुसऱ्या पंधरवड्यात ‘वा’ आठवर आले, ‘प’ मात्र सहाच राहिले. मग तिला सांगितलं, आता गोल करणं पुरे, उद्यापासून ओळीवर बोट ठेव.